हृदय आधी, बातमी नंतर

घरात बाळ येणार असल्याची बातमी कळते, तेव्हा पोटातील बाळाची वाढ कुठवर आलेली असते? आपल्याला वाटते, ती नुकती सुरू झाली असेल. प्रत्यक्षात सर्वांत नाजूक काम तोवर उरकलेलेही असते. हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यातील बाईंची शेवटची पाळी १ जूनला सुरू झाली. दर २८ दिवसांनी पाळी येत असेल, तर स्त्रीबीज साधारण १५ जूनला सुटते. त्याच सुमारास ते फलित झाले असे मानू. एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार अशा वाढत आठवड्याभरात हा पेशींचा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो.

२९ जूनला पुढची पाळी यायला हवी, पण ती येत नाही. पावसाळ्यात कधी चुकते, असे म्हणून बाई थांबतात. इकडे ७ जुलैच्या सुमारास, म्हणजे बाविसाव्या दिवशी, हृदय धडधडू लागते. तेव्हा ते चार कप्प्यांचे नसते, केवळ एक नळी असते. तिला पीळ पडून आणि आत पडदे तयार होऊन कप्पे होण्यास आणखी चार-पाच आठवडे लागतात.

याच दिवसांत पाठीवर पेशींचा एक सपाट पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात आणि पुरणाची करंजी मिटावी तशा एकमेकींना चिकटतात. ही झाली मज्जानलिका. तिच्या वरच्या टोकापासून मेंदू आणि उरलेल्या भागापासून मज्जारज्जू बनतो. ती अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे १३ जुलैपर्यंत, पूर्ण मिटते. तेव्हा गर्भ जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा असतो. हातापायांचे कोंब याच सुमारास फुटतात; बोटे सुटी होण्यास १० ऑगस्ट उजाडतो.

आता पुन्हा तारखा पाहा. दुसरीही पाळी चुकली, म्हणून बाई २७ जुलैनंतर दवाखान्यात गेल्या. मज्जानलिका मिटून तेव्हा दोन आठवडे उलटलेले होते!

नलिका मिटली नाही तर? खालचे टोक उघडे राहिल्यास पाठीचा कणा दुभंगलेला राहतो आणि पायांची शक्ती जाऊ शकते. वरचे टोक उघडे राहिल्यास मेंदू नीट घडत नाही आणि असे मूल जगत नाही. हे दोष पुढे सोनोग्राफीत बहुधा दिसतात, पण उघडी नलिका औषधाने मिटवता येत नाही. फॉलिक आम्ल हे ब-जीवनसत्त्व मात्र आधीपासून मिळाले, तर धोका पुष्कळ घटतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, सात देशांतील एका चाचणीत, ज्यांना पूर्वी असे मूल झाले होते अशा मातांमध्ये हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी कमी झाले. सर्व दोष टळले नाहीत, हेही लक्षात ठेवा. म्हणून मूल हवे असेल, तर दररोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्यापूर्वीच सुरू करावी असे सांगतात. पूर्वी असे मूल झालेल्या बाईंना डॉक्टर अधिक मात्रा देतात.

फॉलिक आम्लाचा जोडीदार म्हणजे ब-१२. हे जीवनसत्त्व पालेभाजीत नसते. मासळी, अंडी आणि दुधात असते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींत ब-१२ कमी आढळले. किनाऱ्यावर पावसाळ्यात ताजी मासळी दुर्मिळ असते, तेव्हा सुकट-बोंबील ती उणीव काही अंशी भरून काढतात.

पुढचे महिने मुख्यतः वाढीचे आणि संवेदनांचे. डॉक्टर महिने पाळीपासून मोजतात; आपणही तसेच मोजू. तिसऱ्या महिन्यात बाळ हातपाय हलवते, परंतु आईला ते पाचव्या महिन्यात जाणवते. सहाव्या महिन्यात कान ऐकू लागतात. आईच्या हृदयाचे ठोके, रक्ताची सळसळ आणि तिचा आवाज हे बाळाचे पहिले नाद. सातव्या महिन्यात पापण्या उघडतात आणि मेंदूवर वळ्या ठळक होऊ लागतात. आठव्या-नवव्या महिन्यांत फुप्फुसे श्वासासाठी सिद्ध होतात, म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वासाचा त्रास होतो.

मग अभिमन्यूने सुभद्रेच्या पोटात चक्रव्यूह ऐकला, हे खरे मानायचे का? १९८० मध्ये डीकास्पर आणि फायफर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तीन दिवसांच्या आतील बाळांना चोखणी दिली. विशिष्ट लयीत चोखल्यास आईचा, अन्यथा परक्या बाईचा आवाज ऐकू येई. बाळांनी आईचा आवाज मिळेल अशी लय धरली! म्हणजे आवाज ओळखीचा होतो. शब्दांचा अर्थ मात्र कळत नाही.

आपल्या उदाहरणातील बाळ ८ मार्चच्या आसपास जन्मेल. त्याच्या मज्जानलिकेचा निकाल मात्र १३ जुलैलाच लागला होता. आता तुमची जन्मतारीख घ्या. तिच्यातून २६६ दिवस वजा करून २८ मिळवा. तुमची मज्जानलिका साधारण कोणत्या दिवशी मिटली, ते कळेल.