मखराचा व्हिडिओ कधी टाकायचा?

अगं, परवा फोनवर म्हणालीस की गणपतीचे व्हिडिओ यंदाही गेल्या वर्षीच्याच तारखांना टाकायचे ठरवलंय. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मखर, मग मोदक, मग गौरीची साडी. तुझ्या घरी तेव्हा पाहुणे होते, म्हणून मी गप्प बसले. आता निवांत बोलू या, कारण हे वेळापत्रक आत्ताच बदललं तर बरं.

यंदा अधिक महिना आला ना, १७ मे ते १५ जून, अधिक ज्येष्ठ. तेव्हापासून पुढचे सगळे सण गेल्या वर्षीपेक्षा लांब गेलेत. गेल्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, यंदा १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे अठरा दिवस उशिरा. घटस्थापना २२ सप्टेंबरवरून ११ ऑक्टोबरला गेली. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरचं ८ नोव्हेंबरला. तू ६ ऑगस्टला मखराचा व्हिडिओ टाकलास, तर तेव्हा अजून आषाढसुद्धा संपलेला नसेल. बायका नागपंचमीच्या तयारीलाही लागलेल्या नसतील, तर मखर कोण शोधणार?

म्हणून गेल्या वर्षीचा व्ह्यूजचा आलेख उघडलास की त्यातल्या तारखा आधी पुसून टाक आणि सणापासून उलटे दिवस मोज. चतुर्थीचा दिवस शून्य. त्याच्या आदला दिवस उणे एक, आठवडा आधी उणे सात. अशी एक ओळ वहीत आखलीस की कोणत्याही वर्षीचा आलेख कोणत्याही वर्षाशेजारी ठेवता येतो. फक्त संक्रांत त्यातून वगळ. ती सूर्यावर चालते, त्यामुळे हळदीकुंकवाच्या वाणाचे व्हिडिओ दरवर्षी जवळपास त्याच तारखांना बघितले जातात.

आता त्याहून महत्त्वाचं. कोणत्या व्हिडिओचा आलेख बघायचा? तू बघतेस तो गेल्या ऑगस्टमध्ये टाकलेल्या व्हिडिओचा. त्यात पहिल्या दिवशी उडी दिसते, ती तू टाकलास म्हणून आणि तुझ्या सबस्क्राइबरांपर्यंत तो पोहोचला म्हणून. लोकांना मखराची गरज कधी वाटायला लागली, हे त्यातून कळत नाही. तू आठवडाभर उशिरा टाकला असतास, तर उडीही आठवडाभर उशिराच दिसली असती. त्यापेक्षा २०२४ चा जुना मखराचा व्हिडिओ उघड. तो गेल्या ऑगस्टमध्ये चॅनलवर आधीपासून पडून होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. त्याचे व्ह्यूज ज्या दिवशी वर चढायला लागले, त्या दिवशी लोक स्वतःहून शोधायला लागले.

तेही सगळे व्ह्यूज एकत्र बघू नकोस. स्टुडिओत तो व्हिडिओ उघड, अ‍ॅनालिटिक्समध्ये जा, कालावधी १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ असा स्वतः निवड, आणि ट्रॅफिक सोर्समध्ये फक्त YouTube search घे. Browse features आणि सुचवलेले व्हिडिओ यांतून आलेले व्ह्यूज युट्यूबच्या मर्जीचे असतात, एखाद्या दिवशी येतात आणि जातात. शोधून आलेलं माणूस मात्र गरजेनं आलेलं असतं. त्याच पानावर लोकांनी काय टाइप केलं तेही दिसतं. ते शब्द लिहून घे, शीर्षकाला कामी येतात.

एक उदाहरण धरू. समज, जुन्या मखराच्या व्हिडिओचे शोधून येणारे व्ह्यूज जुलैभर रोज दहाच्या आसपास होते. ६ ऑगस्टच्या सुमारास वीस झाले, १५ ला साठ, २३-२४ ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तीनशे, आणि चतुर्थी उलटताच धाडकन खाली. चढ सुरू झाला तो उणे एकवीसला. यंदा १४ सप्टेंबरमधून एकवीस दिवस वजा केलेस की २४ ऑगस्ट येतो. नवा व्हिडिओ त्या चढाच्या आधी आठ-दहा दिवस तरी चॅनलवर असावा असं माझं मत आहे. कोण बघतंय, कुठे सोडून जातंय हे युट्यूबला थोडं कळायला लागतं, आणि थंबनेल चाललं नाही तर तुलाही बदलायला वेळ मिळतो. नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटायच्या आधी दंड साफ लागतात, तसंच. म्हणजे मखराचा व्हिडिओ १४-१५ ऑगस्टला. ६ ऑगस्टला नाही आणि सप्टेंबरातही नाही.

शिखर कुठे येईल ते मात्र नुसत्या वजाबाकीनं कळत नाही, वारही बघावा लागतो. गेल्या वर्षी चतुर्थी बुधवारी होती, म्हणून आधीचा शनिवार-रविवार चार-तीन दिवस आधी पडला. यंदा ती सोमवारी आहे. पुण्याहून गावी येणारे लोक शुक्रवारी रात्री निघतील आणि शनिवार-रविवारी, १२-१३ सप्टेंबरला, सजावट करतील, अगदी आदल्या दिवसापर्यंत. मला वाटतं यंदा मखराचा भर शेवटच्या दोन दिवसांत जास्त असेल. त्या शनिवारी सकाळी ‘घरातल्याच वस्तूंतून एका तासात मखर’ असा एखादा छोटा व्हिडिओ हाताशी ठेव.

गौरींसाठी ही ओळ वेगळी आख. गौरी तिथीवर येत नाहीत, नक्षत्रावर येतात. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. त्यामुळे चतुर्थीपासूनचं अंतर दरवर्षी सारखं नसतं. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि आवाहन १० ला होतं. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला चतुर्थी आणि आवाहन ३१ ला. एका दिवसाचा हा फरक छोटा वाटतो, पण गौरीला साडी कशी नेसवायची हे बायका आदल्या रात्री नाहीतर त्याच दिवशी सकाळी शोधतात. म्हणून पंचांगात आवाहनाचा दिवस बघ आणि साडीच्या व्हिडिओचं शून्य तिथे ठेव.

इथे स्टुडिओतली एक खोच सांगते, नाहीतर तुझा आलेख एक दिवस चुकीचा वाचशील. युट्यूबचा दिवस आपल्या मध्यरात्री बदलत नाही, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री बदलतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा झालेले असतात. म्हणजे चतुर्थीला सकाळी सात ते बारात मोदकाचे जेवढे व्ह्यूज आले, ते सगळे स्टुडिओत आदल्या दिवसाच्या खात्यात दिसतात. २६ ऑगस्टचं शिखर बघून लोक आदल्या दिवशीच मोदक बघतात असं ठरवू नकोस. बरेचसे सणाच्याच सकाळी, उकड हातात असताना बघत असतील. दिवाळीत आणखी एक तास वाढेल, कारण तिकडची घड्याळं १ नोव्हेंबरला मागे जातात, आणि दिवस दुपारी दीडला बदलेल.

पालखीला मात्र यातलं काहीच लावू नकोस. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला असते, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, तुमच्या तालुक्यात बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण. त्या व्हिडिओंचा जुना आलेख बघ, एक-दोन दिवसांचा सुळका आणि मग सपाट. गेल्या वर्षीचं रिंगण यंदा कोणी शोधत नाही, लोकांना आजचं हवं असतं. ते त्याच संध्याकाळी टाकायचं, साधं, फारसं न सजवता. जुन्या व्हिडिओला तिथे पुन्हा पाणी घालण्यात अर्थ नाही.

गौरीचं याच्या अगदी उलट आहे, आणि माझ्या मनातली खरी गोष्ट ही आहे. तू गौरीचं शूटिंग गौरीच्याच दिवशी करतेस, रात्री जागून एडिट करतेस आणि विसर्जनाच्या दिवशी टाकतेस. तोवर शोधणारी प्रत्येक बाई साडी नेसवून मोकळी झालेली असते. गेल्या वर्षीचं ते सगळं शूटिंग तुझ्या हार्डडिस्कवर आहे. मुखवटे बसवताना, निऱ्या घालताना, सासूबाई पुरण वाटताना. त्यातून यंदाचा व्हिडिओ आत्ता कर, आवाज नवा दे आणि ऑगस्टच्या शेवटी शेड्यूल लावून टाक. यंदाच्या गौरींत कॅमेरा थोडाच चालू ठेव, तेही पुढच्या वर्षासाठी. सासूबाईंना सोळा भाज्या करताना तुझा हात हवा असतो, आणि पोरालाही आई ट्रायपॉडमागे न दिसता पाटाशेजारी दिसायला हवी. हे मी फार मनापासून सांगतेय.

जुना व्हिडिओ अजून शोधून बघितला जात असेल, तर त्याच विषयाचा नवा करायचा की नाही हेही ठरव. गेल्या हंगामात त्याला शोधातून चांगले व्ह्यूज आले असतील आणि लोक अर्ध्यापर्यंत तरी थांबत असतील, तर तोच राहू दे. शीर्षकातलं ‘२०२५’ काढ, थंबनेल नवं लाव. पत्ता तोच राहतो, जुने व्ह्यूजही जात नाहीत. तोच व्हिडिओ पुन्हा अपलोड केलास तर मात्र सगळं शून्यापासून. लोक पहिल्या मिनिटातच निघून जात असतील, तर विषय चांगला आणि मांडणी कच्ची असं समजून नवा कर.

शॉर्ट्सचे आकडे २०२४ शी ताडू नकोस. ३१ मार्च २०२५ पासून युट्यूब शॉर्ट्सचा व्ह्यू वेगळ्या पद्धतीनं मोजतं, नुसता सुरू झाला तरी धरतं, पुन्हा लागला तरी धरतं. त्यामुळे २०२५ ची वाढ थोडी फुगलेली दिसेल. तुलना करायचीच तर एंगेज्ड व्ह्यूज बघ.

आणि एकाच वर्षाच्या आलेखावर फार विसंबू नकोस, तुझा चॅनल अजून लहान आहे. रोज दहा-वीस व्ह्यूजच्या रेषेत चढ आहे की योगायोग आहे हे ओळखणं अवघड जातं. शंका आली की गूगल ट्रेंड्सवर जा, महाराष्ट्र निवड, वेब सर्चऐवजी युट्यूब सर्च निवड आणि ‘गणपती डेकोरेशन’ मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही घालून बघ. कालावधी काही महिन्यांचाच ठेव, म्हणजे रोजचे आकडे मिळतात. पूर्ण पाच वर्षं घेतलीस तर आठवड्याचे मिळतात आणि उणे तीन, उणे चार कुठे हरवतात ते कळत नाही. तिथले आकडे शंभरपैकी असतात, व्ह्यूज नव्हेत. चढ कधी सुरू होतो एवढंच त्यावरून घ्यायचं.

चकलीच्या भाजणीचं आपण घटस्थापनेच्या आधी बसून करू. लक्ष्मीपूजन यंदा रविवारी आहे, त्यामुळे फराळाचा आठवडाही वेगळा पडेल. तोवर तू २०२४ च्या मखराचं ते पान उघड आणि चढ कुठल्या दिवशी सुरू झाला तेवढं मला कळव.