संवाद सराव : प्रवासी आणि रेल्वेचे तिकीट बाबू (इयत्ता ४ थी ते ६ वी)



भाषेच्या तासाला 'बस कंडक्टर व प्रवासी', 'दुकानदार व ग्राहक' असे संवाद आपण नेहमी घेतो. आज रेल्वेच्या तिकीट खिडकीवरचा संवाद देत आहे. आपल्या शिरपूरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर वाशिमला जावं लागतं. वाशिम स्टेशन अकोला-पूर्णा मार्गावर आहे. एका बाजूला अकोला, दुसऱ्या बाजूला हिंगोली, वसमत, पूर्णा. म्हणून या संवादातला प्रवासी वाशिमहून अकोल्याला निघाला आहे. तुमच्या गावाप्रमाणे स्टेशनं बदलून घ्या.

हा संवाद निवडण्याचं एक खास कारण आहे. बसमध्ये कंडक्टर आपल्याजवळ येतो, आणि काही चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करतो. रेल्वेत तिकीट आधी घ्यावं लागतं. मागे रांग असते, मध्ये काच असते, आणि बोलायला मिळतो जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्या वेळात चार गोष्टी सांगाव्या लागतात : कुठे जायचं, किती जण, मुलांचं वय किती, गाडी कोणती. यातली एखादी राहिली तर चुकीचं तिकीट हातात येतं.

आधी शिक्षकांनी माहीत करून घ्यायचं

संवाद पाठ करून घेण्याआधी खालचे नियम आपल्याला नीट माहीत हवेत, कारण मुलं प्रश्न विचारतातच.

१) पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. पाच पूर्ण झाल्यापासून बारा पूर्ण होईपर्यंत अर्धं तिकीट. बारा पूर्ण झाली की मोठ्या माणसासारखं पूर्ण तिकीट. म्हणजे आपल्या पहिली ते पाचवीच्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं अर्ध्या तिकिटाची आहेत. सहावी-सातवीत मात्र एकाच बाकावर एक अर्ध्या तिकिटाचा आणि एक पूर्ण तिकिटाचा बसलेला असतो.

२) साध्या म्हणजे पॅसेंजर गाडीचं तिकीट वेगळं आणि मेल-एक्सप्रेसचं वेगळं. साध्या गाडीचं तिकीट घेऊन एक्सप्रेसमध्ये बसलं तर भाड्यातला फरक भरावा लागतो आणि वर दंडही. दंड कमीत कमी २५० रुपये असतो.

३) १९९ किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाचं अनारक्षित (जनरल) तिकीट काढलं की तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. त्या दिशेची पहिली गाडीच त्याहून उशिरा असेल तर ती सुटेपर्यंत तिकीट चालतं. २०१६ पासून हा नियम आहे. वाशिम ते अकोला अंतर यापेक्षा बरंच कमी असल्यामुळे सकाळी तिकीट काढून संध्याकाळच्या गाडीनं जाता येत नाही.

४) ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. घरोघरी आजी-आजोबांच्या डोक्यात ती अजून आहे, म्हणून संवादात मुद्दाम घेतली आहे.

संवाद

(पात्रे : प्रवासी बाई, सोबत सासूबाई, मुलगा व मुलगी. खिडकीत तिकीट बाबू. तिकिटाचे ३० रुपये फक्त सरावासाठी धरले आहेत, खरं भाडं स्टेशनवर पाहावं.)

प्रवासी : नमस्कार साहेब. अकोल्याची तिकिटं द्या.

बाबू : किती?

प्रवासी : मोठी माणसं दोन, मुलं दोन.

बाबू : मुलांचं वय?

प्रवासी : मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची.

बाबू : मुलीचं तिकीट लागत नाही. दोन फुल, एक हाफ. पॅसेंजर का एक्सप्रेस?

प्रवासी : आधी कोणती आहे?

बाबू : पॅसेंजर आहे, अर्ध्या तासात. एक्सप्रेसला अजून दोन तास.

प्रवासी : मग पॅसेंजरचीच द्या. साहेब, आमच्या सासूबाई सहासष्ट वर्षांच्या आहेत. त्यांना सवलत असेल ना?

बाबू : ती २०२० पासून बंद आहे ताई. पूर्ण तिकीट लागेल.

प्रवासी : बरं. आणि ही गाडी चुकली तर याच तिकिटावर एक्सप्रेसमध्ये बसता येईल का?

बाबू : नाही. एक्सप्रेसचं तिकीट वेगळं. पंच्याहत्तर रुपये द्या.

प्रवासी : पंच्याहत्तर ना? हे घ्या शंभर.

बाबू : पंचवीस परत. मोजून घ्या.

प्रवासी : (तिकीट वाचून) वाशिम ते अकोला, मोठे दोन, मूल एक. बरोबर आहे. गाडी कोणत्या प्लॅटफॉर्मवर लागेल?

बाबू : एक नंबरवर. बदललं तर स्पीकरवर सांगतील, तिकडे लक्ष ठेवा.

प्रवासी : ठीक आहे साहेब, येते.

वर्गात कसा घ्यावा

पहिल्या दिवशी संवाद दोघांनी वाचावा, दुसऱ्या जोडीनं न बघता बोलावा. इथपर्यंत नेहमीचंच. पण इथे थांबलं तर तो पाठांतराचा सराव होतो, बोलण्याचा नाही. दोन्ही मुलांना दोन्हीकडची वाक्यं पाठ असतात, त्यामुळे कोणी कोणाचं ऐकतच नाही. बाबूनं चुकून 'पॅसेंजर गेली' असं म्हटलं तरी समोरचा 'मग पॅसेंजरचीच द्या' म्हणून मोकळा होतो! हे दिसलं की समजावं, मूल बोलतंय पण ऐकत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी संवादाचा कागद काढून घ्यावा आणि कार्डं द्यावीत. प्रवाशाच्या कार्डावर फक्त तो कुठे, कोणाबरोबर चालला आहे तेवढं. बाबूच्या कार्डावर गाड्यांच्या वेळा आणि भाडं. एकाचं कार्ड दुसऱ्यानं पाहायचं नाही. आता प्रवाशाला विचारल्याशिवाय काही कळणार नाही, आणि बाबूला ऐकल्याशिवाय तिकीट देता येणार नाही. तीन कार्डं नमुन्यादाखल :

कार्ड १ : वडील आणि आठ वर्षांची जुळी मुलं, हिंगोलीला जायचं आहे.
(योग्य मागणी : 'एक फुल, दोन हाफ.' दोन अर्धी मिळून एक पूर्ण असा हिशोब करून मुलं 'दोन फुल द्या' म्हणतात. भाडं तेवढंच भरतं, पण मग तिकिटावर मोठे दोन असं छापून येतं आणि मुलांची नोंदच राहत नाही.)

कार्ड २ : आई आणि सातवीतली मुलगी. मुलीला मागच्या महिन्यात बारा वर्षं पूर्ण झाली.
(योग्य मागणी : दोन फुल.)

कार्ड ३ : सकाळी दहाला खिडकीवर आलेला माणूस. त्याला अकोल्याला संध्याकाळी सहाच्या गाडीनं जायचं आहे. मधल्या वेळेतही गाड्या आहेत.
(इथे बाबूनं तिकीट देण्याआधी 'आत्ता जाणार का?' असं विचारावं आणि दुपारनंतर या म्हणून सांगावं. हा प्रश्न ज्याला सुचला, त्याला भूमिका समजली.)

भाषेकडे लक्ष

स्टेशनाचं नाव बोलताना सामान्यरूप होतं. अकोला - अकोल्याला, अकोल्याचं. जालना - जालन्याला. पुणे - पुण्याला. पण वाशिम - वाशिमला, नांदेड - नांदेडला, हिंगोली - हिंगोलीला, इथे नाव बदलत नाही. 'अकोलाचं तिकीट' असं मूल म्हणालं तर मध्येच तोडू नका. संवाद संपल्यावर फळ्यावर नावांच्या दोन रांगा करा. कोणती नावं बदलतात ते मुलं स्वतःच शोधतात.

'कृपया मला तिकीट देण्याची कृपा करावी' असं खिडकीवर कोणी बोलत नाही. मराठीत आदर 'द्या', 'साहेब', 'मॅडम' यातच येतो. 'दे' आणि 'द्या' एवढा फरक कळला तरी पुरे. घरी वऱ्हाडी बोलणारं मूल 'मले अकोल्याचं तिकीट पायजे' म्हणालं तर ते बरोबरच समजावं. या सरावात स्टेशन, संख्या, वय आणि गाडी स्पष्ट आली का, हे तपासायचं आहे.

वाशिम स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतं. या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला आहे. खिडकीत बसलेले बाबू दुसऱ्या राज्यातले असू शकतात आणि हिंदीत बोलू शकतात. तेव्हा मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती आकड्यांवर. म्हणून संवादात प्रवासी 'पंच्याहत्तर ना?' असं परत विचारते. ऐकलेला आकडा स्वतः म्हणून खात्री करून घेणं, ही सवय एका फेरीत बाबूला हिंदीत बोलायला लावून पक्की करता येते.

मूल्यमापन

गुण पाठांतराला देऊ नयेत. चार गोष्टी सांगितल्या का (कुठे, किती, वय, गाडी), बाबूच्या उत्तराप्रमाणे पुढचं वाक्य बदललं का, आकडा परत म्हटला का, आणि खिडकी सोडण्याआधी तिकीट वाचलं का, एवढंच पाहावं. तिकीट वाचणं मुलं हमखास विसरतात. जुनं जनरल तिकीट मिळालं तर वर्गात आणा. त्यावर कुठून कुठे, मोठे किती, मुलं किती, गाडीचा प्रकार आणि रक्कम हे सगळं मुलांना शोधू द्या.

पालकांसाठी

पुढच्या वेळी वाशिमला तिकीट काढताना मुलाला खिडकीसमोर उभं करा आणि पहिली दोन वाक्यं त्यालाच बोलू द्या. रांग मोठी असेल तर रांगेतच तयारी करून घ्या. आणि एक विनंती. 'कोणी विचारलं तर चार वर्षांचा सांग' असं पहिलीतल्या मुलाला सांगू नका. गाडीत तिकीट तपासनीस वय मुलालाच विचारतात. वर्गात आम्ही त्याच्याकडून 'मी सहा वर्षांचा आहे' हे वाक्य पक्कं करून घेतो. ते त्यानं तिथेही तसंच म्हणावं.

घरी करायचं काम : आपल्या घरातली सगळी माणसं अकोल्याला निघाली तर फुल किती, हाफ किती आणि बिनतिकीट किती ते वयासह लिहा, आणि त्यावरून खिडकीवर बोलायची चार वाक्यं तयार करून आणा.