मराठी-इंग्रजी मिश्र औषध-बिलाचे वाचन : प्रत्येक आकडा आपापल्या रकान्यात

आपले मानपूर आग्रा-मुंबई महामार्गावर वसलेले असल्याने येथील मराठी कुटुंबांचे धुळे, शिरपूर, जळगाव या बाजूला जाणे-येणे नित्याचे आहे. लेकीकडे दोन महिने राहून परतलेले वृद्ध रुग्ण आपणा सर्वांच्या दवाखान्यात येतात. तिकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी प्रवासात कोठेतरी हरवलेली असते आणि पिशवीत उरलेले असते ते केवळ औषधांचे बिल. अशा वेळी ते बिल हाच रुग्णाच्या उपचारांचा एकमेव लेखी पुरावा ठरतो आणि आपण त्यावरून पुढची औषधे लिहून देतो. म्हणूनच हे बिल वाचताना माझ्या दवाखान्यात घडता घडता राहिलेली एक चूक येथे सविस्तर मांडत आहे.

रुग्ण बहात्तर वर्षांच्या आजी, मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड असे तिन्ही विकार असलेल्या. बिल धुळ्याचे. दुकानाचे नाव, पत्ता व रकान्यांची शीर्षके मराठीत, औषधांची नावे इंग्रजीत, आकडे इंग्रजी, आणि कोपऱ्यात दुकानदाराने पेनाने मराठीत लिहिलेला शेरा. छापील कागद अरुंद होता आणि रकान्यांमध्ये उभ्या रेघा नव्हत्या. आकडे सुटसुटीत करून आणि औषधांची नावे देवनागरीत उतरवून ते बिल असे होते :

```
क्र. औषधाचे नाव       नग  पॅक  बॅच     मुदत   एमआरपी  रक्कम
1   ग्लिमे.-मेट. एम    2   15   GM2407  05/27  126.00  252.00
    1
2   टेल्मिसार्टन 40    2   15   24E05   11/27  105.00  210.00
3   थायरॉक्सिन 25     1   100  LT118   08/27  150.00  150.00
4   पँटोप्राझोल 40     6   10   PZ903   03/27   95.00   57.00
```

माझे सहायक अत्यंत दक्ष आहेत, परंतु त्यांचे वाचन हिंदी आणि इंग्रजीचे. त्यांनी पहिली ओळ नोंदवहीत उतरवली ती अशी : औषध ‘एम२’, नग १५, पॅक १. म्हणजे एक पट्टी, पंधरा गोळ्या. वरवर पाहता यात काहीही विसंगत दिसत नाही आणि हीच या चुकीची खरी धोकादायक बाजू होती. नावाचा रकाना अरुंद असल्याने ‘एम१’ मधील १ हा आकडा खालच्या ओळीवर घसरला होता. नावाला लागूनच नगाचा रकाना असल्याने तेथील २ ‘एम’ला जाऊन चिकटला, पॅकचा १५ नगात सरकला आणि खाली एकाकी पडलेला १ रिकाम्या झालेल्या पॅकच्या जागी बसवला गेला. एक आकडा घरातून बाहेर पडला की पुढचे सारे आपापले घर सोडतात आणि अखेरीस सर्व जागा भरलेल्याच दिसतात.

वैद्यकीय अर्थाने हा फरक लहान नाही. एम१ मध्ये ग्लिमेपिराइड एक मिलिग्रॅम असते, एम२ मध्ये दोन. बहात्तर वर्षांच्या, जेवणाच्या वेळा अनियमित असलेल्या बाईला ही मात्रा एकदम दुप्पट केली असती, तर मध्यरात्री रक्तशर्करा खाली जाण्याचा धोका होता. त्या घरात सोबतीला केवळ त्यांचे यजमान असतात, त्यांचेही वय ऐंशीच्या घरात.

चूक उघडकीस आली ती शेवटच्या दोन रकान्यांमुळे. एक पट्टी घेतली असेल आणि पट्टीची किंमत १२६ रुपये असेल, तर रक्कम १२६ रुपये हवी. बिलावर मात्र २५२ रुपये होते. २५२ ला १२६ ने भागले की २ येतात. याचा अर्थ पट्ट्या दोन होत्या, म्हणून तो २ नगाचाच होय. तो औषधाच्या नावाचा असू शकत नाही. मग नावाला कोणता आकडा उरला? खालच्या ओळीवरचा १. मी आजींच्या कन्येला दूरध्वनी केला. त्यांनी घरी राहिलेली रिकामी पट्टी वाचून दाखवली. एम१ च होती.

तेव्हापासून आमच्याकडे बिल डावीकडून वाचले जात नाही. प्रथम मधले दोन रकाने शोधायचे. मुदतीच्या रकान्यात तिरकी रेघ असते, तशी ओळीत अन्यत्र सहसा नसते. आणि तिच्या शेजारी अक्षरे व आकडे मिसळलेला असतो तो बॅच क्रमांक. हे दोन खुंट पक्के झाले की उजवीकडे जे उरते ते पैसे, दोन दशांश स्थळांसह. आणि डावीकडे उरतात नाव, नग व पॅक. त्यानंतर पट्टी ठेवून शिसपेन्सिलीने शीर्षकापासून खालपर्यंत उभ्या रेघा ओढायच्या. ज्या ओळीला अनुक्रमांक नाही आणि पैसेही नाहीत, ती स्वतंत्र ओळ नव्हे. ती वरच्या नावाची शेपटी. हा शेवटचा नियम लक्षात असता तर आमचा गोंधळ आरंभीच टळला असता. मात्र सर्व दुकानांचा क्रम सारखा नसतो. काही बिलांत नग अगदी पहिल्या रकान्यात, नावाच्याही आधी असतो. त्यामुळे क्रम पाठ करून चालत नाही. तो प्रत्येक बिलावर शीर्षकांवरून नव्याने पाहावा लागतो.

शीर्षकांच्या शब्दांनीही फसगत होते. ‘मुदत’ या शब्दाचा अर्थ आमच्या सहायकांनी हिंदीच्या वळणाने कालावधी असा घेतला होता आणि औषध किती दिवस घ्यावयाचे, या रकान्यात तो टाकला होता. बिलावरील मुदत म्हणजे औषध वापरण्याची अंतिम तारीख. औषध नियम, १९४५ प्रमाणे ती महिना व वर्ष अशीच दिली जाते आणि त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते.

आता गुणाकाराची ही कसोटी चौथ्या ओळीला लावून पाहा. सहा गुणिले ९५ म्हणजे ५७० रुपये, पण रक्कम अवघी ५७ रुपये. येथे दशांशचिन्ह चुकलेले नाही. दुकानदाराने पट्टी कापून सहा सुट्या गोळ्या दिल्या आहेत. ९५ भागिले १० गुणिले ६ बरोबर ५७. एकाच बिलात पहिल्या ओळीचा नग पट्ट्यांचा आणि चौथ्या ओळीचा नग गोळ्यांचा, असे सर्रास आढळते. नोंदवहीत म्हणूनच आम्ही नगापुढे ‘पट्टी’ की ‘गोळी’ हे लिहितो.

तिसऱ्या ओळीपाशी मात्र ही कसोटी थिटी पडते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नग एक असेल तर रक्कम आणि किंमत सारखीच येणार. गुणाकार काहीच बोलत नाही. ‘२५, १, १००’ हे तीन आकडे रेघांवाचून पाहणाऱ्यास थायरॉक्सिनची मात्रा शंभर मायक्रोग्रॅम वाटू शकते. वास्तविक शंभर ही बाटलीतील गोळ्यांची संख्या आहे. हृदयविकार असलेल्या वृद्धाला पंचविसाच्या जागी शंभर दिले तर काय होईल, हे आपणांस सांगावयास नको. नग एक असलेल्या ओळीत औषधाची मात्रा बिलावरून कधीही निश्चित करू नये. बाटली किंवा पट्टी प्रत्यक्ष पाहावी, अथवा मूळ डॉक्टरांना विचारावे.

हाताने लिहिलेल्या शेऱ्यांत लिपीचा प्रश्न येतो. घाईत लिहिलेला मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, ४ हा 8 सारखा आणि ५ हा 4 सारखा. एका ओळीत दोन्ही लिप्यांचे आकडे असतील तर आधी निःसंशय असा एखादा आकडा शोधून तो लिहिणारा कोणत्या लिपीत लिहितो आहे हे ठरवावे. आजींच्या बिलावर पेनाने ‘रोज १’ असे होते. ‘रोज 9’ कोणी वाचणार नाही हे खरे. परंतु ‘४ दिवस’ आणि ‘8 दिवस’ यांत शहाणपण मदतीस येत नाही, कारण दोन्ही शक्य असतात.

बेरजेकडे येऊ. चार रकमांची बेरीज ६६९ रुपये, ‘सूट’ पाच टक्के म्हणजे ३३.४५, उरले ६३५.५५, पूर्णांकात ६३६. यजमानांच्या निवृत्तिवेतन कार्यालयाकडे प्रतिपूर्तीसाठी हाच ६३६ चा आकडा जावयास हवा होता. बिलाच्या तळाशी केंद्राचा व राज्याचा वस्तू व सेवा कर प्रत्येकी १५.१३ रुपये असेही छापलेले होते, आणि आमच्या पहिल्या मसुद्यात ते दोन्ही आकडे पुन्हा मिळवले गेले होते. छापील कमाल किंमत करासहित असते. तळाचा कर हा रकमेच्या पोटातला हिशेब आहे, वरचा बोजा नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर हा कर पाच टक्के आहे, त्यापूर्वी बहुतेकांवर बारा टक्के होता; ६३५.५५ भागिले १.०५ केले की करापूर्वीचे ६०५.२९ रुपये मिळतात. बिलाच्या माथ्यावरचा पंधरा अक्षरांचा कर-नोंदणी क्रमांक महाराष्ट्रात २७ ने आणि आपल्या मध्य प्रदेशात २३ ने सुरू होतो. तो बिल क्रमांकाच्या जागी लिहिल्याने दावा परत आल्याचे मी पाहिले आहे.

ज्यांच्याकडे नोंदी संगणकावरील तक्त्यात होतात त्यांनी आणखी दोन रकाने जपावेत. दुसऱ्या ओळीचा बॅच क्रमांक `24E05` तक्त्यात भरताच तो `2.40E+06` असा होतो, कारण मधल्या अक्षराला संगणक घातांकाची खूण समजतो. आणि संगणकातील तारखेची मांडणी अमेरिकन असेल, तर `05/27` ही मुदत चालू वर्षाची २७ मे बनते. दोन हजार सत्तावीसपर्यंत चांगले असलेले औषध कालबाह्य ठरते. उपाय सोपा आहे : आकडे भरण्यापूर्वीच हे दोन रकाने मजकूर-स्वरूपाचे करून ठेवावेत. नंतर बदलल्यास मूळ अक्षरे परत येत नाहीत. रकाने वरच्या बिलाच्याच क्रमाने ठेवले तर पडताळणीसाठी शेवटी एक रकाना पुरतो :

```
=ROUND(C2*G2-H2,2)
```

शून्य आले तर ओळ जुळली. शून्य आले नाही, तर पॅकने भागून पाहावे :

```
=ROUND(C2*G2/D2-H2,2)
```

दोन्हीकडे शून्य आले नाही, तर ओळीतला एखादा आकडा परक्या रकान्यात बसला आहे, किंवा सूट शेवटी न देता ओळीतच वजा झाली आहे.

आजींची नोंद मी स्वतः खोडून पुन्हा लिहिली : एम१, दोन पट्ट्या, पॅक पंधरा. दुसऱ्या दिवशी त्या थायरॉक्सिनची बाटली घेऊन आल्या. तिच्यावर पंचवीसच होते.