आपलेच वाक्य शोधताना

लघुप्रबंध किंवा शोधनिबंध सादर करण्यापूर्वी त्यातील काही वाक्ये जशीच्या तशी गूगलवर शोधून पाहावीत, असा सल्ला आता बहुतेक मार्गदर्शक देतात. कोणती वाक्ये निवडावीत, ती कशी शोधावीत आणि मुख्य म्हणजे उत्तर आल्यावर किंवा न आल्यावर त्याचा अर्थ काय लावावा, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच सांगावयाचे आहे. उदाहरण माझ्या गावाकडचे आहे. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडी हे माझे गाव. तेथील एक विद्यार्थिनी एम. ए. च्या लघुप्रबंधासाठी बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यावर मराठीत लिहीत होती. तिच्या मसुद्यातील एक प्रकरण आम्ही दोघांनी मिळून तपासले.

प्रथम नियम काय आहे तो पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी जे विनियम काढले, त्यांत एकूण साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. परंतु सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष यांसारख्या मूळ विचाराच्या भागात साम्य असताच कामा नये, असेही त्यांत म्हटले आहे. सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगाने जुळलेले शब्द सलग चौदा शब्दांपर्यंत वगळले जातात. हे चौदा शब्द मराठीत फार मोठे होतात, हे ध्यानात ठेवावे. आपले विभक्तिप्रत्यय आणि पुष्कळशी शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘शहरापर्यंत’ हा आपला एक शब्द हिंदीत ‘शहर तक’ असा दोन शब्दांचा होतो. सलग चौदा मराठी शब्द म्हणजे बहुधा एक पूर्ण वाक्य. तेवढे वाक्य योगायोगाने जुळले असे म्हणणे पटण्यासारखे नाही. म्हणून चौदाची वाट न पाहता सहा-सात शब्दांच्या तुकड्यांवरच लक्ष ठेवावे.

आता शोधण्याची रीत. वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत घातले म्हणजे शोधयंत्र ते शब्द त्याच क्रमाने जेथे आहेत तीच पाने शोधते. चिन्हे नसतील तर ते सुटे शब्द, त्यांची रूपे, समानार्थी शब्द असे काहीही जुळवून आणते, आणि त्यातून आपल्याला काही कळत नाही. पूर्ण वाक्य कधी घालू नये. लांब वाक्यातील एक शब्द जरी वेगळा असला तरी सगळी जुळणी हुकते. गूगल तर बत्तीस शब्दांपुढील शब्द विचारातच घेत नाही. वाक्याच्या मधला सहा ते आठ शब्दांचा तुकडा घ्यावा, आणि वाक्य मोठे असेल तर दोन तुकडे वेगवेगळे शोधावेत.

तुकड्यात विशेषनामे आणि सनावळी शक्यतो नसाव्यात. त्याला दोन कारणे आहेत. एक तर नावे सगळ्यांकडे तीच असणार, त्यामुळे त्यांच्या जुळण्याला अर्थ नाही. दुसरे कारण लेखनाचे. आमच्या शहराचेच नाव कोणी बुऱ्हाणपूर लिहितो, कोणी बऱ्हाणपूर, कोणी बुरहानपूर. शिवाय ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ ही जोडाक्षरे संगणकावर दोन प्रकारे टंकित होतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण आतले सांकेतिक क्रमांक भिन्न असतात, आणि अवतरणचिन्हांतील शोध त्यावर अडू शकतो. तेव्हा ‘वाहणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ असे शब्द तुकड्याबाहेर ठेवलेले बरे.

आमच्यापुढे जे प्रकरण होते त्यातील तीन वाक्ये येथे घेतो. पहिले वाक्य असे होते: ‘कुंडी भंडारा इ. स. १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात बांधला गेला.’ याच्यासारखी वाक्ये अनेक ठिकाणी सापडली. यात घाबरण्यासारखे काही नाही. ही एक ऐतिहासिक माहिती आहे आणि ती सांगण्याच्या तऱ्हा थोड्याच आहेत. माहिती कोठून घेतली ते तळटीपेत नोंदवावे आणि पुढे जावे. जुळणी टाळण्यासाठी असे वाक्य मुद्दाम वाकडेतिकडे करू नये. त्याने भाषा बिघडते आणि प्रामाणिकपणा वाढत नाही.

दुसरे वाक्य होते: ‘लोकसंख्या वाढली तशी पाण्याची गरजही वाढत गेली.’ असले वाक्य कोणत्याही शहराविषयी कोणीही लिहील. ते जुळले तर योगायोग कसा ओळखावा? सापडलेले पान उघडावे आणि त्या वाक्याच्या आधीचे व नंतरचे वाक्य वाचावे. शेजारची वाक्ये निराळ्या विषयाची असतील, तर जुळणी निव्वळ योगायोगाची. पण शेजारची वाक्येही आपल्या मसुद्याच्या क्रमानेच चालली असतील, तर पूर्वी वाचलेला मजकूर आपल्या लेखणीतून उतरला आहे असे समजावे. किती पाने सापडली या आकड्याला महत्त्व नाही. एकच परिच्छेद शंभर ठिकाणी उतरवलेला असतो, आणि शंभर जणांनी उचलला म्हणून तो सर्वांच्या मालकीचा होत नाही. शेजारची वाक्ये पाहणे हीच खरी कसोटी आहे.

तिसऱ्या वाक्याने मात्र आमचा बराच वेळ घेतला. ते असे: ‘सातपुड्याच्या टेकड्यांवरून ताप्ती नदीच्या दिशेने वाहणाऱ्या भूमिगत जलधारांना मध्येच रोखून त्यांचे पाणी भुयारांद्वारे शहरापर्यंत पोहोचविण्यात आले.’ सोळा शब्दांचे हे वाक्य. त्याचे दोन तुकडे केले आणि ते असे शोधले:

```
"भूमिगत जलधारांना मध्येच रोखून त्यांचे पाणी"
"त्यांचे पाणी भुयारांद्वारे शहरापर्यंत पोहोचविण्यात आले"
```

दोन्ही वेळा जुळणी नाही. येथे नवख्याची एक फसगत होते. नेमकी जुळणी नसली की गूगल तसे एका ओळीत सांगते, आणि त्याखाली अवतरणचिन्हांविना शोधलेली पाने दाखवते. ती ओळ न वाचता खालची यादी पाहिली तर पुष्कळ जुळण्या सापडल्या असे वाटते. विद्यार्थिनीने ओळ नीट वाचली आणि म्हणाली, “काका, हे तर सुटले.”

मला तसे वाटत नव्हते. त्याचे कारण वाक्यातच होते. मराठी पुस्तकांत त्या नदीला तापी म्हणतात. ‘ताप्ती’ हे हिंदीतील रूप. ‘जलधारांना रोखून’ हेही मराठी माणूस सहजी लिहीत नाही. तो ‘झरे अडवून’ लिहील. आमच्या बाजूच्या पुष्कळ मुलांची बोली घरी एक, शाळेची भाषा हिंदी आणि लेखन मराठी, अशी तिहेरी वाट असते. वाचलेले हिंदीतून असते आणि लिहिताना नकळत त्याचे भाषांतर होते. अशा वाक्याचा मूळ धागा मराठी पानांत सापडणार नाही. तो हिंदीत शोधला पाहिजे. म्हणून आम्ही तोच आशय हिंदीत ठेवला. मात्र भाषांतराचे नेमके शब्द आपल्याला ठाऊक नसल्याने तुकडा लहान घेतला आणि गावाचे नाव अवतरणचिन्हांबाहेर ठेवले:

```
"भूमिगत जलधाराओं को" बुरहानपुर
```

अनेक पाने आली. ती एकेक वाचता वाचता एका पानावर तिच्या परिच्छेदाचाच सांगाडा आढळला. आधी टेकड्या, मग नदीची दिशा, मग पाणी रोखणे, मग भुयारे, विशेषणेसुद्धा तीच. ते पान आपण दोन महिन्यांपूर्वी वाचले होते, हे तिला पाहताक्षणी आठवले. तिने टिपणवहीत त्याचा सारांश मराठीत उतरवला होता आणि शेजारी पानाचे नाव लिहिले नव्हते. पुढे टिपणच मसुदा झाले.

यातून निघणारी खूण अशी की, मसुद्यात जेथे परभाषेची वळणे दिसतील, ‘स्थित आहे’, ‘द्वारे’, ‘ताप्ती’, तेथे थांबून त्या भाषेत शोध घ्यावा. सीमाभागातील कन्नड-मराठी मित्रांनाही हीच खूण उपयोगी पडावी. तेथे वाचन एका भाषेत आणि लेखन दुसरीत होत असते.

सापडल्यावर करायचे काय? शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालणे हा उपाय नव्हे. सांगाडा दुसऱ्याचाच राहतो, फक्त पुढच्या शोधात तो दिसत नाही. सरळ मार्ग दोनच. एक, ते विवेचन त्या पानाच्या नावासह, त्याचे म्हणून द्यावे. दुसरा, पान बंद करून आपल्याला स्वतःला काय समजले आहे ते नव्याने लिहावे, आणि माहितीचा आधार तरीही नोंदवावा. तिने दुसरा मार्ग घेतला. स्वतः कुंडीत उतरून पाहिलेल्या गोष्टीपासून तिने सुरुवात केली: भुयारात पाणी कोणत्या बाजूने येते, एका कुंडीपासून पुढची कुंडी कशी जोडली आहे, आणि पंपाशिवाय केवळ उताराच्या बळावर पाणी कसे पुढे सरकते. नवा परिच्छेद लांबीने दुप्पट झाला, पण तो तिचा होता. विनियमांत ज्यांना निरीक्षणे म्हटले आहे ती हीच.

शेवटी या पद्धतीची मर्यादा. शोधयंत्र जे पाहू शकते तेवढ्याचेच उत्तर देते. छापील ग्रंथ, जुन्या मासिकांची छायाचित्ररूप पाने, आणि युनिकोडपूर्व जुन्या टंकांत असलेला मराठी मजकूर यांपैकी पुष्कळ त्याच्या नजरेबाहेर असते. ‘शोधगंगा’वर ठेवलेल्या प्रबंधांचा आतला मजकूरही प्रत्येक वेळी गूगलला सापडेल असे नाही. म्हणून जुळणी नाही म्हणजे साम्य नाही, असे मानू नये. यासाठी एक छोटी चाचणी करावी. आपण जी पाने आणि पुस्तके प्रत्यक्ष वापरली, त्यांच्या मधल्या एखाद्या परिच्छेदातील सात शब्द याच रीतीने शोधून पाहावेत. ते शोधयंत्राला सापडले, तर त्या पानाबाबत त्याच्या ‘नाही’ला काही किंमत आहे. सापडले नाहीत, तर तो ग्रंथ उघडून मसुद्याशेजारी ठेवावा आणि डोळ्यांनी ताडून पाहावा.

आम्ही तशी चाचणी केली. तिच्या संदर्भयादीत नऊ साधने होती. त्यांपैकी चार शोधयंत्राला सापडली. उरलेली पाच तिने एका रविवारी टेबलावर मांडून, एकेक पान उलटीत तपासली.