शेतनिवासाच्या माहितीचे इंग्रजी भाषांतर : सोयींचे वर्णन कसे करावे

राज्य शासनाने सन २०२० मध्ये कृषि पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अनेक शेतकरी कुटुंबांनी आपल्या मळ्यात दोन-चार खोल्या बांधून पाहुण्यांची व्यवस्था केली आहे. या खोल्यांची माहिती प्रवाशांना आता बहुतेक वेळा मोबाईलवरील प्रवासी संकेतस्थळावरूनच मिळते. घरधनी ही माहिती मराठीत सांगतो, आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा पुतणी ती इंग्रजीत उतरवून संकेतस्थळावर भरते. या उतरवण्यात सोयींचे वर्णन मूळ वस्तुस्थितीपेक्षा वाढते, असे वारंवार आढळून येते. त्यात लबाडीचा हेतू क्वचितच असतो. मराठीत ‘सोय आहे’ एवढे म्हटले की आपले काम भागते. ती सोय किती, केव्हा आणि कोणासाठी, हे ऐकणारा समजून घेतो किंवा विचारतो. इंग्रजीत लिहिताना भाषांतरकाराला नेमका शब्द निवडावा लागतो, आणि माहिती नसली की तो हमखास मोठा शब्द निवडतो.

उदाहरणादाखल अकोले तालुक्यात भंडारदरा धरणाच्या परिसरातील एक शेतनिवास समजू. तीन खोल्या, प्रत्येकीत चार माणसांची निजण्याची व्यवस्था, छपरावर २०० लिटरचा सौर बंब, घरामागे भाजीपाला, पुढे भातखाचरे, आणि उन्हाळी भाजीसाठी केलेले प्लास्टिक अस्तराचे शेततळे. घरधन्याने मराठीत लिहिले आहे : ‘शेततळे आहे. गरम पाण्याची सोय आहे. घरच्या सेंद्रिय भाजीचे जेवण. धरणाचे दृश्य दिसते.’ यातील प्रत्येक वाक्य आपापल्या जागी खरे आहे. ती इंग्रजीत नेताना काय घडते ते पाहू.

शेततळ्यापासून आरंभ करणे इष्ट, कारण येथील चूक जिवावर बेतते. संकेतस्थळावर सोयींची एक ठरावीक यादी असते आणि आपल्याकडे असलेल्या सोयीपुढे खूण करावयाची असते. त्या यादीत शेततळे नसते, ‘पूल’ असते. पाण्याचा साठा आहे, उन्हाळ्यात घरची मुले डुंबतातही, म्हणून भाषांतरकार ‘पूल’पुढे खूण करतो आणि वर्णनात ‘नॅचरल स्विमिंग पूल’ असे लिहितो. परिणाम असा की, पोहण्याचा तलाव असलेली जागाच दाखवा, अशी चाळणी लावून शोधणाऱ्या शहरातील आईबापांपुढे हे शेतनिवास येते. ते मुलांचे पोहण्याचे कपडे घेऊनच येतात.

पोहण्याच्या तलावाला साधारणतः उथळ बाजू असते, पायऱ्या असतात, धरावयास कठडा असतो. शेततळ्याला यांपैकी काहीच नसते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा तळ्याच्या बाजू उतरत्या असतात आणि त्यांवर सामान्यतः ५०० मायक्रॉन जाडीचा कागद, म्हणजे प्लास्टिकचे अस्तर, पसरलेला असतो. कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, आणि शेवाळ धरल्यावर तर धडधाकट, पोहता येणारा माणूसही काठावर चढू शकत नाही. काठापासून दोन-तीन पावलांतच पाणी डोक्यावर जाते. राज्यात दर उन्हाळ्यात अशा तळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि पुष्कळदा एकाला काढावयास गेलेला दुसराही त्यातच जातो.

यास्तव ‘पूल’पुढील खूण काढून टाकावी. वर्णनात ‘फार्म पाँड फॉर इरिगेशन, फेन्स्ड, नॉट फॉर स्विमिंग’ असे सरळ शब्द घालावेत. म्हणजे हे ओलितासाठीचे तळे आहे, त्यास कुंपण आहे, त्यात पोहू नये. ‘फेन्स्ड’ हा शब्द कुंपण प्रत्यक्ष उभे असेल तरच लिहावा. नसेल तर भाषांतर बाजूस ठेवून आधी तारेची जाळी व कुलूप लावण्याजोगे फाटक बसवावे, आतील उतारावर गाठी मारलेले दोर सोडावेत, आणि हवा भरलेली ट्यूब काठाशी टांगून ठेवावी. तळ्याकाठी हसऱ्या मुलांचे छायाचित्र लावले असल्यास तेही काढावे. शब्द एक सांगत असता चित्र दुसरे सांगू लागले, तर वाचणारा चित्रावरच विश्वास ठेवतो.

आता गरम पाणी. इंग्रजी प्रतीत त्याचे ‘ट्वेंटी-फोर अवर हॉट शॉवर’ होते. हिशेब करून पाहावा. हिवाळ्यातील स्वच्छ उन्हाच्या दिवशी बंबातील पाणी ६० अंशांपर्यंत तापले आणि विहिरीचे पाणी २० अंश धरले, तर निम्मे-निम्मे मिसळून स्नानाजोगे ४० अंशांचे पाणी होते. २० लिटरच्या बादलीस १० लिटर गरम पाणी लागते, म्हणजे २०० लिटरमध्ये कागदोपत्री वीस बादल्या भरतात. तथापि, पाणी काढू तसतसे थंड पाणी आत येते. म्हणून पंधरा बादल्यांवर भिस्त ठेवू नये. तिन्ही खोल्या भरल्या तर बारा माणसे होतात. प्रत्येकी एक बादली दिली की काम निभते.

परंतु ‘शॉवर’ हा शब्द वाचून आलेला पाहुणा बादलीने स्नान करीत नाही. मिनिटाला आठ लिटर पाणी सोडणाऱ्या फवाऱ्याखाली तो दहा मिनिटे उभा राहिला तर ८० लिटर पाणी जाते, त्यांत ४० लिटर गरम. पाचव्या माणसागणिक बंब रिकामा होतो आणि उरलेल्या सातांची तक्रार रास्त ठरते. पावसाळ्यात तर या भागात आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही, तेव्हा सौर बंबाचा उपयोग नाही. चुलीवरचा तांब्याचा बंब पेटवावा लागतो. म्हणून भाषांतर असे करावे : सकाळी ६ ते ९ या वेळात दर माणशी एक बादली गरम पाणी मिळेल. जून ते सप्टेंबर लाकडाच्या बंबावर तापवलेले पाणी, आदल्या रात्री सांगितल्यास मिळेल. इंग्रजीत ‘बकेट’ हा शब्द लिहिण्यास तरुण मुले लाजतात असे दिसते. ज्यास बादली चालत नाही तो पाहुणा आधीच दुसरीकडे गेलेला बरा.

विजेबाबत थोडक्यात एवढेच की, ‘पॉवर बॅकअप’ लिहावयाचे तर त्यावर काय चालते व किती वेळ, तेही लिहावे. १५० अँपिअर-तासाच्या एका बॅटरीवर तीन पंखे व सहा लहान दिवे सुमारे चार तास चालतात. वातानुकूलन यंत्र किंवा विजेचा गीझर त्यावर चालत नाही.

‘सेंद्रिय’ या शब्दाविषयी मात्र सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. आपल्या बोलण्यात शेणखत घातलेली, औषध न मारलेली भाजी म्हणजे सेंद्रिय भाजी. इंग्रजीतील ‘ऑरगॅनिक’ हा शब्द छापील जाहिरातीत येतो तेव्हा वाचणारा त्यामागे प्रमाणपत्र गृहीत धरतो, आणि सन २०१७ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांतही त्या शब्दास प्रमाणनाची चौकट घातलेली आहे. थेट ग्राहकास विकणाऱ्या लहान उत्पादकास त्यांत काही सवलत आहे. पण आपण येथे भाजी विकत नसून जेवणाची जाहिरात करीत आहोत, आणि त्या जेवणातील तेल, डाळ, साखर ही बाजारचीच असतात. शिवाय घरामागची दहा गुंठे भाजी औषधाविना वाढवली, तरी पुढच्या खाचरात भाताला युरिया दिलेला असतो. पाहुण्याच्या ताटात दोन्ही येतात. गटाचे किंवा संस्थेचे प्रमाणपत्र हाती असेल तर ते कोणत्या पिकास व कोणत्या गटक्रमांकास आहे ते पाहून तेवढेच लिहावे. नसेल तर ‘ऑरगॅनिक’ हा शब्द गाळून खरे ते लिहावे : पालेभाजी व वांगी घरामागची असून त्यांवर रासायनिक औषध मारीत नाही, तांदूळ घरचा आहे, बाकी किराणा बाजारातून आणतो. शहरातील पाहुण्यास हे वाक्य कोरड्या ‘ऑरगॅनिक’पेक्षा अधिक पटते, असा माझा समज आहे.

जेवणाविषयीच आणखी एक. ‘शुद्ध शाकाहारी’चे ‘प्युअर व्हेज’ होते, आणि त्याचा अर्थ त्या स्वयंपाकघरात मांस शिजतच नाही असा घेतला जातो. मागणीवरून कोंबडी शिजवीत असाल तर शाकाहारी व मांसाहारी दोन्ही जेवण एकाच स्वयंपाकघरात होते, असे लिहावे.

धरणाच्या दृश्याचे ‘लेक व्ह्यू रूम्स’ होते. तीन खोल्यांपैकी एकीच्याच खिडकीतून पाणी दिसत असेल तर अनेकवचन खोटे ठरते. गच्चीवरून दिसत असेल तर गच्चीवरून, असे लिहावे. यातही काळ पाहावा लागतो. या धरणाचे पाणी खालच्या शेतीला सुटते, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी पाणी मागे हटून काठाची उघडी जमीन दिसते. धबधबे पावसाळ्याचे, काजवे मे अखेर ते जूनच्या पूर्वार्धातले. भातलावणीचा चिखल सर्वसाधारणपणे जुलैत, कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मराठी वाचकास ‘लावणीत हात लावा’ म्हटले की महिना सांगावा लागत नाही. परमुलखातील वाचकास तो सांगावाच लागतो, नाहीतर तो मार्चमध्ये येऊन कोरड्या खाचराकडे पाहत बसेल.

भाषांतर पुरे झाल्यावर ते तपासण्याची एक साधी रीत आहे. ज्याने मूळ मराठी मजकूर पाहिलेला नाही अशा, इंग्रजी जाणणाऱ्या माणसास ती प्रत द्यावी आणि प्रत्येक वाक्य मराठीत मोठ्याने सांगावयास लावावे. ऐकावयास घरधन्याबरोबर घरधनीणही हवी, कारण चूल, पाणी आणि अंथरुणे तिच्याच हाती असतात. ‘बारा महिने, चोवीस तास, फवाऱ्याने गरम पाणी’ हे शब्द कानी पडताच ती थांबवील. जेथे ती थांबवील ते वाक्य बदलावे, आणि यादीतील खुणाही याच रीतीने एकेक वाचून घ्याव्यात. वाक्ये दुरुस्त होतात आणि खुणा तशाच राहून जातात, असे अनेकदा घडते.

कायद्याच्या दृष्टीनेही याकडे पाहिले पाहिजे. सन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेविषयीची दिशाभूल करणारी जाहिरात येते, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हेही तीत धरले आहे. सन २०२० च्या ई-व्यापार नियमांप्रमाणे संकेतस्थळावरून सेवा विकणाऱ्याने जाहिरात प्रत्यक्ष सेवेशी जुळती ठेवावयाची असते. मजकूर पुतणीने लिहिला, ही सबब चालत नाही.

एकदा लिहिलेली प्रत वर्षभर तशीच ठेवू नये. मृग लागण्यापूर्वी, दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास, अशी तीन वेळा ती उघडून गरम पाणी, दृश्य, शेतातील काम व रस्त्याची स्थिती ही चार वाक्ये बदलावीत. मराठी मूळ प्रत वहीत तारीख घालून ठेवावी, प्रथम तीत दुरुस्ती करावी आणि मग इंग्रजीस हात लावावा.