‘खुणा असू शकतात’ म्हणजे नेमकं किती?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, डॉक्टरांनी तपासणी करून तसं सांगितलं आहे. नणंदबाई जर्मनीहून येताना हेझलनटच्या वेफर्सचे दोन वेगवेगळे पुडे घेऊन आल्या. वेष्टनावर एकही इंग्रजी शब्द नाही. मी फोटो काढून फोनवर भाषांतर केलं. पहिल्या पुड्याच्या शेवटी ‘पृथ्वी काजू आणि इतर कवच फळांच्या खुणा असू शकतात’ असं आलं. दुसऱ्यावर अशी ओळच नाही. ‘खुणा’च असतील तर पहिला पुडा थोडा चालेल का? आणि दुसरा बिनधास्त द्यावा का? शिवाय त्यावर ई ३२२, ई ४७१, ई ४७६ असे आकडे आहेत. ते कशाचे?
— एक आई, शहाड

उत्तर : पहिला पुडा मुलाला अजिबात देऊ नका. दुसरा बिनधास्त नाही, पण त्याची चौकशी करता येईल. असं का, ते सांगतो.

आधी ‘पृथ्वी काजू’. जर्मन भाषेत शेंगदाण्याला ‘एर्डनुस’ म्हणतात. ‘एर्ड’ म्हणजे जमीन, ‘नुस’ म्हणजे कवचाचं फळ. आपण भुईमूग म्हणतो त्यातली ‘भुई’ आणि ही ‘एर्ड’ एकच. अरुंद वेष्टनावर हा लांब शब्द ओळीच्या शेवटी तुटतो. ‘एर्ड’ वरच्या ओळीत राहतं, ‘न्यूसे’ खालच्या ओळीत जातं. फोन त्यांना दोन शब्द समजतो आणि भाषांतरही दोन तुकड्यांचं करतो. शेंगदाण्यापासून जपायच्या मुलाच्या आईला जो एक शब्द दिसायला हवा, नेमका तोच नाहीसा होतो.

म्हणून फोटोच्या भाषांतरावर थांबू नका. वेष्टन टेबलावर सपाट पसरा, चकाकी येणार नाही अशा उजेडात एकेका परिच्छेदाचा वेगळा फोटो घ्या. अनेक भाषांचे मजकूर शेजारी शेजारी असतील तर प्रत्येकाआधी बहुधा देशाची किंवा भाषेची अक्षरं असतात. त्यातला एकच भाग चौकटीत घ्या, नाहीतर फोन दोन देशांच्या ओळी एकत्र करतो. मग मूळ मजकुरात ई-आर-डी या अक्षरांनी सुरू होणारा शब्द बोट ठेवून शोधा. तो सापडला की पुढची अक्षरंही वाचा, कारण ‘एर्डबेरे’ म्हणजे स्ट्रॉबेरी. पुढे एन-यू-एस-एस आलं तर शेंगदाणा. त्या ‘यू’वर कधी दोन टिंबं असतात, कधी नसतात. शंका राहिली तर तुटलेला शब्द जोडून स्वतः टाइप करा आणि पुन्हा अर्थ पाहा.

‘कवच फळं’ हा दुसरा शब्द. मूळ शब्द ‘शालेनफ्रुष्टे’, म्हणजे बदाम, अक्रोड, काजू, पिस्ता, हेझलनट अशी झाडावरची फळं. शेंगदाणा त्यात येत नाही. तो शेंगेतला आहे आणि युरोपच्या कायद्यात त्याचं नाव स्वतंत्र आहे. अर्थ घेताना ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. एखाद्या वेष्टनावर फक्त ‘शालेनफ्रुष्टे’ लिहिलं असेल तर शेंगदाण्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही. ‘शालेनटीरे’ हा त्याच्यासारखा दिसणारा शब्द मात्र कवचाच्या जलचरांचा आहे, कोळंबी-खेकड्यांचा. शब्दाचा शेवट चुकीचा वाचला की बदामाची कोळंबी होते.

आता ‘खुणा’. जर्मन ‘श्पूरेन’चा शब्दशः अर्थ खुणा, माग असाच होतो, पण इथे त्याचं मराठी ‘अंश’ व्हायला हवं. आपल्या कानाला ‘खुणा’ म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीची निशाणी वाटते, आता जवळपास काही उरलं नसेल असं मन मानतं. या शब्दात कुठलंही प्रमाण नाही. एक मिलिग्रॅम की शंभर, हे तो सांगत नाही. ‘अंश असू शकतो’, ‘असू शकतं’, ‘ज्या कारखान्यात शेंगदाणे वापरले जातात तिथे बनवलेलं’ या तीन वाक्यांना धोक्याच्या चढत्या पायऱ्या समजू नका. कोणतं वाक्य छापायचं हे उत्पादक आपापल्या पद्धतीनं ठरवतो. म्हणून तिन्हींचा अर्थ तुमच्या घरासाठी एकच घ्या : यात शेंगदाणा असू शकतो.

दुसऱ्या पुड्याचा प्रश्न याच्यापेक्षा नाजूक आहे. वेष्टनावर शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन मजकुरांमागे दोन वेगळ्या जबाबदाऱ्या असतात. घटकांच्या यादीवर कायद्याची सक्ती आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या ११६९ क्रमांकाच्या नियमानुसार, जो डिसेंबर २०१४ पासून लागू झाला, ॲलर्जी करणाऱ्या १४ गटांपैकी जे काही कृतीत घातलं असेल ते यादीत उठून दिसलंच पाहिजे. म्हणून मूळ वेष्टनावर गव्हाचा, दुधाचा, सोयाचा, हेझलनटचा शब्द सहसा ठळक ठशात असतो. फोन भाषांतर करतो तेव्हा हा ठळकपणा बऱ्याचदा निघून जातो. म्हणून भाषांतर वाचून झालं की मूळ फोटोकडे परत या आणि ठळक शब्द मोजा. मुळात पाच ठळक शब्द आहेत आणि तुमच्या मराठीत चारच धोक्याचे पदार्थ ओळखू आले, तर एक कुठेतरी हरवला आहे.

‘असू शकतं’ ही ओळ मात्र ऐच्छिक आहे. तिथे उत्पादक कृतीतल्या पदार्थाबद्दल नाही, तर यंत्रावर, पट्ट्यावर, गोदामात चुकून मिसळू शकणाऱ्या पदार्थाबद्दल बोलतो. ती छापायची सक्ती नाही. त्यामुळे दुसऱ्या पुड्यावर ती नाही याचे दोन अर्थ निघतात. एक, त्यांनी तपासून धोका नाही असं ठरवलं. दोन, त्यांनी विचारच केलेला नाही. वेष्टनाकडे पाहून यातला कोणता अर्थ खरा हे कळत नाही.

हा फरक किती खरा आहे ते सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये दिसलं. तिथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीनं शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या लोकांना मोहरी असलेले सगळेच पदार्थ तूर्त टाळायला सांगितलं. मोहरीच्या पुडीत शेंगदाणा मिसळला गेल्याचं आढळलं होतं, आणि त्या मोहरीचा माग भारतापर्यंत आला. ज्या वस्तूंत ही पूड गेली त्यांच्या उत्पादकांना शेंगदाणा आहे हेच माहीत नव्हतं, मग इशारा कोण छापणार? पण मोहरी युरोप आणि ब्रिटनच्या १४ गटांत आहे, त्यामुळे ती प्रत्येक यादीत ठळक होती, आणि लोकांना मोहरीचा शब्द शोधून त्या वस्तू बाजूला काढता आल्या. सक्तीची यादी उपयोगी पडली, ऐच्छिक ओळ गप्प राहिली.

इथे आपल्याकडचा एक फरक लक्षात ठेवा. आपल्या एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबल नियमांत ॲलर्जीचे आठ गट आहेत. शेंगदाणा त्यात आहे, पण मोहरी आणि तीळ नाहीत. रीतसर आयात झालेल्या मालावर आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक असलेलं स्टिकर असतं. उल्हासनगरच्या बाजारात परदेशी चॉकलेटं घेताना ते शोधा. तरी स्टिकरवरच्या ‘ॲलर्जी’च्या ओळीवरच थांबू नका, मूळ यादीशी ताडून पाहा. बॅगेतून आलेल्या पुड्यावर असं स्टिकर नसतंच, त्याचा मूळ मजकूर हाच एक आधार.

आता ते आकडे. ई म्हणजे युरोपात मान्यता असलेला पूरक पदार्थ. आपल्या बिस्किटांच्या पुड्यावर आयएनएस ३२२ लिहिलेलं असतं ते आणि ई ३२२ एकच. ई ५०० दिसला तर घाबरू नका, तो खाण्याच्या सोड्याच्या कुळातला. आकडा पदार्थाचं रसायन सांगतो, तो कशापासून काढला हे सांगत नाही. तुमच्या तीन आकड्यांत हे नीट दिसतं. ई ३२२ म्हणजे लेसिथिन, तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं. ते सोयापासून येतं, सूर्यफुलापासून येतं, अंड्यातूनही येतं. युरोपच्या नियमात सोया किंवा अंडं असेल तर नुसता आकडा चालत नाही, शेजारी स्रोत लिहावा लागतो. ही सोय प्रत्येक देशाच्या वेष्टनावर मिळेलच असं नाही. ई ४७६ मुख्यतः एरंडेलापासून बनतं, ते चॉकलेट पातळ वाहतं ठेवतं. ई ४७१ मात्र पामतेलापासूनही बनतं आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. चरबी ॲलर्जीच्या गटात नाही, म्हणून कायदा तिचा स्रोत सांगायला लावत नाही. घर शाकाहारी असेल तर या एकाच आकड्यासाठी उत्पादकाला विचारावं लागेल. जर्मन पुड्यावर आपला हिरवा ठिपका सापडणार नाही.

शेंगदाण्यासाठी वेगळा आकडा नाही. तो असेल तर नावानंच असेल. म्हणून मुलासाठी वाचताना आकड्यांत वेळ घालवू नका. आणि आकडे फोटोवरून घेऊ नका, डोळ्यांनी वाचा. फोननं ३२२ चा ३३२ केला तर लेसिथिनच्या जागी पोटॅशियम सायट्रेट येतं आणि सोयाचा विषयच संपतो.

दुसऱ्या पुड्यासाठी असं करा. पट्टेरी बारकोडखालचे १३ अंक उतरवा आणि उत्पादकाच्या पानावर नेमका तोच पुडा शोधा. सारखंच नाव आणि चित्र असलं तरी दुसऱ्या देशासाठीच्या पुड्याची कृती वेगळी असू शकते, म्हणून अंक जुळायला हवेत. मग वेष्टनावरच्या पत्त्यावर एकच सरळ प्रश्न लिहा : याच यंत्रावर शेंगदाण्याचे पदार्थ बनतात का, आणि बनत असतील तर मधली सफाई तपासली जाते का? सोबत अंक आणि उत्पादनाचा गट क्रमांक द्या. उत्तर आल्यावर ते डॉक्टरांना दाखवा. तोवर पुडा मोठ्यांसाठी. घरी कुणी खाल्ला तरी वेष्टन फेकू नका. मुलाला काही त्रास झालाच तर डॉक्टरांच्या हातात ते मूळ वेष्टन द्या, फोनवरचं भाषांतर नाही.

नणंदबाईंना पुढच्या वेळी एवढंच सांगा : पुडा घेण्याआधी दुकानातूनच यादीचा सरळ, सपाट फोटो पाठवा. त्या तिथली भाषा वाचत असतील. ‘एर्डनुस’ हा शब्द त्यांना आपल्यापेक्षा आधी दिसेल.