टॉन्सिल काढल्यावर घरचे चौदा दिवस

मंडळी, आपल्या घशात पडजिभेच्या दोन बाजूंना दोन गाठी असतात. त्यांना टॉन्सिल म्हणतात. काही मुलांच्या या गाठी पुन्हा पुन्हा सुजतात. काहींच्या इतक्या वाढतात की झोपेत श्वास अडतो. मग डॉक्टर त्या काढून टाकतात. ऑपरेशनला फार वेळ लागत नाही, आणि मूल थोड्याच दिवसांत घरी येते. त्यापुढचे चौदा दिवस मात्र घरच्यांनी सांभाळायचे असतात.

जयगडकडच्या एका वाडीतला सात वर्षांचा मुलगा आमच्या नात्यातला. त्याचे वजन 20 किलो. त्याचे टॉन्सिल रत्नागिरीस काढले. घरी आल्यावर काय काय झाले ते आम्ही जवळून पाहिले. तेच येथे सांगतो.

खाणेपिणे

पहिल्या दिवशी आजी म्हणाली, "घसा दुखतो ना, मग नको काही देऊ. राहू दे उपाशी." आजीची माया खरी, पण सल्ला चुकीचा. मूल गिळायचे थांबले की घसा कोरडा पडतो, आखडतो, आणि जास्तच दुखतो. म्हणून पहिले काम पिण्याचे. जागे असताना दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट द्यावे. पाणी, शहाळ्याचे पाणी, गार दूध, निवलेली पेज, जे घेईल ते द्यावे. गार देण्यास हरकत नाही. गाराने घशाला बरे वाटते.

मग मऊ भात आणि तूप, वरण, केळे, दुधात भिजवलेले घावन. मुलाला भूक लागली तर चावून खाऊ द्यावे. चावण्याने घशाचे स्नायू मोकळे राहतात. आंबट आणि तिखट झोंबते, म्हणून कोकमाचे सार, लिंबू, लोणचे नको. पापड, चकली, कुरमुरे टोचतात. तेही दोन आठवडे नको.

पाणी पुरते की नाही, हे लघवीवरून कळते. आठ तासांत लघवी झाली नाही, तोंड कोरडे पडले, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, असे दिसले तर डॉक्टरांकडे जावे.

औषधाचे माप

दुखणे कमी झाले तरच मूल गिळेल. म्हणून डॉक्टरांनी दिलेले दुखण्याचे औषध पहिले काही दिवस वेळेवर द्यावे. मूल रडेपर्यंत वाट पाहू नये. जेवणाच्या अर्धा तास आधी दिले तर घास जातो.

बहुधा हे औषध पॅरासिटामॉल असते. त्याचे माप वयावर नाही, वजनावर ठरते. दर किलोला 15 मिलिग्रॅम, हे एका वेळचे माप. आमच्या मुलाचे वजन 20 किलो. 20 गुणिले 15, म्हणजे 300 मिलिग्रॅम. दर सहा तासांनी, म्हणजे सकाळी 6, दुपारी 12, संध्याकाळी 6 आणि रात्री 12. दिवसरात्र मिळून चार वेळा. त्याहून जास्त नाही.

आता खरी मेख ऐका. सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. एका बाटलीवर लिहिलेले असते: 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम. दुसरीवर असते: 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम. या मुलाला पहिल्या बाटलीतले 6 मिलिलिटर द्यायचे. दुसरीतले द्यायचे साडेबारा मिलिलिटर. औषध एकच, माप दुपटीहून वेगळे.

चौथ्या दिवशी पहिली बाटली संपली. वडिलांनी नवी आणली, ती 120 ची निघाली. आईने सवयीने 6 मिलिलिटरच दिले. मुलाला निम्मेच औषध मिळाले. रात्रभर तो कण्हत होता, पाणीही घेईना. सकाळी थोरल्या बहिणीने बाटलीवरचे अक्षर वाचले, तेव्हा चूक सापडली. उलट चूक झाली असती, म्हणजे 250 च्या बाटलीतून साडेबारा मिलिलिटर गेले असते, तर 625 मिलिग्रॅम पोटात गेले असते. असे जास्तीचे औषध वारंवार गेले तर यकृत बिघडते. म्हणून नवी बाटली आली की आधी आकडा वाचावा. माप बाटलीबरोबरच्या झाकणीने किंवा पिचकारीने घ्यावे. घरच्या चमच्याने नको. डॉक्टरांच्या कागदावर वेगळे माप असेल तर ते पाळावे, शंका आली तर त्यांनाच विचारावे.

सर्दीतापाच्या पुष्कळ औषधांतही पॅरासिटामॉल असते. ती बाटली जोडीला देऊ नये, नाहीतर माप दुप्पट होते. डॉक्टर कधी आयब्युप्रोफेनही लिहून देतात. तेही त्यांच्या मापानेच द्यावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. कोडीन असलेले खोकल्याचे औषधही देऊ नये. कोडीनने काही मुलांचा श्वास मंदावला आणि ती दगावली. म्हणून 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने टॉन्सिल काढलेल्या मुलांना ते देण्यास मनाई केली.

पांढरा थर आणि लाल रक्त

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईने घशात पाहिले आणि ती घाबरली. "पू झालाय हो!" पण तो पू नव्हता. टॉन्सिलच्या जागी पांढरट-पिवळट थर धरतो. गुडघ्यावर खपली धरते, तशीच ही ओली खपली. तोंडाला वासही येतो. कान दुखतो, कारण घसा आणि कान यांची एक शीर सामाईक आहे. यात घाबरण्यासारखे काही नाही.

पाचव्या ते दहाव्या दिवसात ही खपली सुटते. मूल बरे दिसत असते, तेवढ्यात दुखणे पुन्हा वाढते. आणि याच दिवसांत रक्त येण्याचा धोका असतो. मूल झोपेत सारखे गिळते आहे, थुंकीत ताजे लाल रक्त आहे, किंवा रक्ताची उलटी झाली, तर थांबू नये. मुलाला बसवावे, मान पुढे झुकवावी, रक्त थुंकू द्यावे, गिळू देऊ नये. 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि इस्पितळ गाठावे. वाटेत रक्त थांबले तरी परत फिरू नये. ते पुन्हा सुरू होऊ शकते. जयगडहून रत्नागिरी म्हणजे लांबचा रस्ता. म्हणून या मुलाच्या वडिलांनी दहा दिवस शेजारच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवले होते, "रात्री हाक मारली तर ये बाबा." हाक मारावी लागली नाही. पण सांगून ठेवले, हे शहाणपण.

ताप 102 डिग्रीच्या वर गेला, तरीही डॉक्टरांना दाखवावे.

शाळा केव्हा?

सातव्या दिवशी मुलगा अंगणात पळू लागला. वडील म्हणाले, "उद्या शाळेत धाडतो." आम्ही म्हटले, "थांबा." तीन गोष्टी पाहाव्या. नेहमीसारखे जेवतो का? औषधाशिवाय दिवस जातो का? रात्री शांत झोपतो का? तिन्हींना 'हो' आले, आणि दहा ते चौदा दिवस झाले, की शाळा. तोवर पळापळ, पोहणे आणि गर्दी नको. गर्दीत सर्दीखोकल्याची लागण होते. लांबचा प्रवासही नको.

हा मुलगा पंधराव्या दिवशी शाळेत गेला. आईने गुरुजींना चिठ्ठी दिली. ती तिने स्वतः लिहिली होती: "गुरुजी, याला मधूनमधून पाणी पिऊ द्यावे. या आठवड्यात कबड्डी खेळवू नये."

सोडवा

1. मुलीचे वजन 16 किलो आहे. बाटलीवर '5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम' असे लिहिले आहे. एका वेळी किती मिलिलिटर द्यावे? (उत्तर: 240 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मिलिलिटर.)

2. घरातल्या औषधाच्या बाटलीवरचे आकडे मोठ्याने वाचा आणि वहीत उतरवा.